पाठलागाच्या प्रसंगाला वेग कसा आणावा?

प्रश्न: माझ्या कथेतला पाठलाग लांबलचक वर्णनात अडकतो. वाक्यं कशी तोडू?

उत्तर: मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आधीची विशेषणं आणि ‘-त असताना’, ‘-ऊन’ यांची साखळी वाचकाला ताटकळत ठेवते. हे वाक्य पाहा:

‘जुन्या वाड्यांमधून जाणाऱ्या निसरड्या, अरुंद बोळातून धापा टाकत पळत असताना मागून बुटांचा आवाज ऐकून सदाने वळून पाहिलं.’

साखळी जिथे जोडली आहे तिथेच तोडा. प्रत्येक कृतीला स्वतःचं क्रियापद द्या:

‘बोळ अरुंद. फरशी निसरडी. मागे बूट वाजले. सदाने वळून पाहिलं. दोघे होते. पाय सटकला. भिंतीला धरत, खरचटलेला तळवा तसाच दाबत तो कसाबसा वळणापर्यंत पोहोचला. दाराला कुलूप.’

जुने वाडे गेले, कारण ते सदाला अडवत नाहीत. निसरडी फरशी राहिली, कारण तिच्यावर तो घसरणार आहे. वर्णन गाळताना हीच कसोटी लावा.

सगळीच वाक्यं दोन-तीन शब्दांची केलीत तर मात्र तार वाचल्यासारखं वाटतं. म्हणून वर सहा छोट्या वाक्यांनंतर एक लांब आहे. त्यामुळे ‘कुलूप’ जास्त आदळतं. ‘अचानक’, ‘तेवढ्यात’ बिनधास्त काढा. उद्गारचिन्हंसुद्धा.