भरिताचा व्हिडिओ: बारा मिनिटांतून काय काढायचं

ताई, तुमचा भरिताचा बारा मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण पाहिला. आधी ठरवा, तो कोणासाठी आहे? जळगावच्या माणसाला वांगी काड्यांवर भाजतात हे सांगायला नको. पुण्यात गॅसवर करून पाहणाऱ्या मुलीसाठी असेल, तर तिला तीनच ठिकाणी अडतं: वांगं कोणतं घ्यायचं, आतून शिजलं हे कसं ओळखायचं आणि किती ठेचायचं. ही तीन दृश्यं पूर्ण ठेवा. देठाजवळ सुरी सहज शिरते, तो क्षण तर अजिबात घाईत उरकू नका.

बाजारातली चक्कर, वांगी धुणं, लसूण सोलणं काढा. भाजण्याची चार मिनिटं चाळीस सेकंदांत बसतात: सुरुवात, पलटणं, काळं पडलेलं साल. पण खरा वेळ पडद्यावर लिहा, नाहीतर लोक कच्चं उतरवतील. शेतातल्या चुलीचं दृश्य सुंदर आहे, मलाही सोडवत नाही. ते एका मिनिटाच्या वेगळ्या शॉर्टमध्ये टाका.

माझ्या अंदाजाने साडेचार मिनिटं उरतील. मग यूट्यूब स्टुडिओतला प्रेक्षक टिकण्याचा आलेख बघा. रेषा जिथे एकदम घसरते तिथे आणखी कापण्यासारखं आहे. जिथे वर उसळते तिथे लोक मागे जाऊन पुन्हा बघतायत, म्हणजे तेवढं तुम्ही घाईत दाखवलंय.