प्रिन्सिपल आणि एजंट: विकणारा आणि विकून देणारा

प्रश्न: प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल किंवा मुख्याध्यापक, एवढंच माहीत होतं. एका ऑनलाइन बाजारपेठेच्या वार्षिक अहवालात वाचलं, ‘आम्ही प्रिन्सिपल नसून एजंट आहोत, म्हणून महसूल निव्वळ दाखवला आहे.’ इथे प्रिन्सिपलचा अर्थ काय? मराठीत काय म्हणता येईल?

हिशेबाच्या भाषेत प्रिन्सिपल म्हणजे ग्राहकाला वस्तू स्वतः विकणारा आणि एजंट म्हणजे दुसऱ्याची वस्तू विकून देणारा. मला हीच जोडी सुचवावीशी वाटते. प्रिन्सिपलला ‘मालक’ म्हणण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. कागदोपत्री मालकी क्षणभर आपल्याकडे येऊन लगेच ग्राहकाकडे गेली, तर तेवढ्यावरून कोणी प्रिन्सिपल ठरत नाही.

फरक आकड्यांत पाहू. संकेतस्थळावर एक मिक्सर १,००० ला विकला गेला. पैसे संकेतस्थळाने घेतले, १५० कमिशन कापलं आणि ८५० विक्रेत्याला दिले. (कर बाजूला ठेवू.) संकेतस्थळ एजंट असेल, तर त्याचा महसूल १५०. उरलेले ८५० त्याच्या हातून गेले खरे, पण ते विक्रेत्याचे होते. देईपर्यंत ते देणं म्हणून दिसतात. संकेतस्थळ प्रिन्सिपल असेल, तर महसूल १,००० आणि विकलेल्या मालाचा खर्च ८५०. नफा दोन्हीकडे १५०च. मात्र पहिल्या मांडणीत कंपनी लहान दिसते, दुसऱ्यात जवळपास सातपट मोठी. महसुलाच्या वाढीवरून कंपनीची किंमत जोखली जाते तिथे हा फरक फार मोठा असतो. म्हणून कोणती मांडणी करायची, हे कंपनीच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

आयएफआरएस १५ हे महसुलाचं आंतरराष्ट्रीय मानक एकच मूळ प्रश्न विचारतं: ग्राहकाकडे जाण्यापूर्वी त्या वस्तूवर नियंत्रण कोणाचं होतं? ते ओळखायला तीन खुणा दिल्या आहेत. वस्तू ठरल्याप्रमाणे देण्याची मुख्य जबाबदारी कोणाची, माल पडून राहिला किंवा परत आला तर नुकसान कोणाचं, आणि किंमत ठरवण्याची मोकळीक कोणाला. या खुणा आहेत, गुणपत्रिका नव्हे. दोन विरुद्ध एक अशी मोजणी करून निकाल लावता येत नाही.

इथे मराठीतले दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत, ‘ताबा’ आणि ‘नियंत्रण’. तो मिक्सर संकेतस्थळाच्या गोदामात ठेवलेला असतो, त्यांचीच माणसं तो खोक्यात भरतात, खोक्यावर नावही त्यांचंच. ताबा निश्चितच त्यांचा. पण विक्रेता तो माल हवा तेव्हा परत नेऊ शकत असेल, किंमत तोच ठरवत असेल आणि न खपलेला माल त्याच्याच गळ्यात पडत असेल, तर नियंत्रण विक्रेत्याचं आणि संकेतस्थळ एजंटच. अडत्याकडे माल उतरला म्हणून तो अडत्याचा होत नाही, तसंच हे.

आता करार बदलू. संकेतस्थळाने त्याच विक्रेत्याकडून १०० मिक्सर विकत घेतले, परत करायची सोय नाही, विक्रीची किंमत संकेतस्थळ ठरवणार. ग्राहकाला पडद्यावर काहीच वेगळं दिसणार नाही, तरी इथे संकेतस्थळ प्रिन्सिपल झालं. आणि करारात ‘न खपलेले मिक्सर पूर्ण पैशांत परत घेऊ’ असं एक कलम आलं, तर ‘विकत घेतले’ या शब्दावर विसंबता येत नाही. माल अडकण्याची जोखीम पुन्हा विक्रेत्याकडे गेली आणि बाकीच्या अटी नव्याने तपासाव्या लागतात. त्यामुळे निर्णय करारातली परतीची आणि किमतीची कलमं वाचूनच होतो, संकेतस्थळ पाहून नाही.

ग्राहकाकडून पैसे कोण घेतं, यावरून बरेच जण निष्कर्ष काढतात. तोही पुरेसा नाही. पूर्वी उधारी बुडण्याची जोखीम आणि मोबदला कमिशनच्या रूपात असणं, याही खुणा मानकात होत्या. २०१६ च्या दुरुस्तीत त्या काढल्या, कारण नियंत्रण कोणाचं हे त्यांतून नीट कळत नव्हतं.

तुमच्या वाक्यात मला ‘आम्ही एजंट आहोत’ हे खटकतं. प्रिन्सिपल किंवा एजंट ही कंपनीची जात नसते. ती ग्राहकाला दिलेल्या एकेका वस्तूच्या किंवा सेवेच्या बाबतीतली भूमिका असते. समजा, घरपोच सेवेचे ६० संकेतस्थळाने वेगळे घेतले, पोचवण्याची हमी स्वतः दिली, दर स्वतः ठरवला आणि स्वतःच्या कराराने वाहतूकदाराला ४५ देऊन काम करून घेतलं. ही वेगळी सेवा ठरली, तर तिच्यापुरतं ते प्रिन्सिपल असू शकतं. मग एकाच ऑर्डरमध्ये मिक्सरचे १५० निव्वळ आणि पोचवण्याचे ६० पूर्ण, असा २१० महसूल दिसेल आणि ४५ खर्चात जातील. अहवालात ‘विक्रेत्यांच्या मालाच्या बाबतीत कंपनी एजंट आहे’ असं लिहिलं असतं, तर वाक्य नेमकं झालं असतं.