चेक बाउन्सच्या निवाड्यातला रेशो कुठला, ऑबिटर कुठला?

प्रश्न: ठाणे कोर्टात चेक बाउन्सच्या केसमध्ये मी फिर्यादीतर्फे आहे. समोरच्यांनी कृष्णा जनार्दन भट हा सुप्रीम कोर्टाचा २००८ चा निवाडा लावलाय. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३९ खाली देणे अस्तित्वात होते असे गृहीत धरता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. हे रेशो की ऑबिटर, ठरवायचे कसे?

उत्तर: रेशो म्हणजे निकाल ज्यावर उभा आहे तो नियम, पुढच्या केसला बांधतो तो हाच; ऑबिटर म्हणजे ओघात केलेले विधान. निवाड्याच्या वर छापलेला सारांश, म्हणजे हेडनोट, बाजूला ठेवा आणि निकाल काय लागला तिथून मागे चला. भट प्रकरणात आरोपी सुटला. आता ते वाक्य उलटे करून बघा: 'देणे होते असेही गृहीत धरले जाते, फक्त आरोपी ते खोडू शकतो.' तरी निकाल बदलतो का? नाही. त्या पुराव्यावर कोर्टाला आरोपीचा बचाव संभवनीय वाटला होता आणि गृहीतक खोडायला तेवढे पुरते. म्हणजे निकाल त्या वाक्यावर उभा नाही, ते ऑबिटर.

पण युक्तिवादात एवढ्यावर थांबू नका. सुप्रीम कोर्टाचे ऑबिटरही खालचे कोर्ट सहसा डावलत नाही. भट हे दोन न्यायमूर्तींचे पीठ होते. २०१० मध्ये रंगप्पा वि. श्री मोहन या निवाड्यात तीन न्यायमूर्तींनी सांगितले की कलम १३९ च्या गृहीतकात देण्याचे अस्तित्वही येते आणि भटमधले त्याविरुद्धचे विधान बरोबर नसावे. मात्र भटचा निकाल त्या प्रकरणाच्या तथ्यांवर आधारलेला असल्याने त्याला त्यांनी धक्का लावला नाही. विधान गेले, निकाल राहिला. रेशो-ऑबिटरचा फरक इतका स्वच्छ क्वचितच दिसतो.

तीच कसोटी रंगप्पालाही लावा, कारण तुम्ही त्याच्यावर विसंबणार आहात. तिथे चेक ४५,००० रुपयांचा होता. सही आरोपीला मान्य होती. कोरा चेक हरवला आणि तो फिर्यादीच्या हाती लागला, असा बचाव होता. तो टिकला नाही, आरोपीची शिक्षा कायम राहिली. गृहीतकात देणे येत नाही असे धरले, तर ते स्वतंत्रपणे सिद्ध करण्याचा बोजा फिर्यादीवर पडतो आणि शिक्षेचा पायाच निखळतो. म्हणून गृहीतकाचा नियम तिथला रेशो. पण त्याची लांबी 'सही मान्य' या तथ्याइतकीच. तुमच्या केसमध्ये आरोपी सहीच नाकारत असेल, तर आधी सही सिद्ध करा. रंगप्पा त्यानंतर उपयोगी पडेल.

आणखी एक गफलत सर्रास होते. रंगप्पामध्ये आरोपीने नोटिशीला उत्तर दिले नाही, हेही त्याच्याविरुद्ध गेले. लगेच 'उत्तर नाही म्हणजे देणे कबूल' असा नियम काढून लेखी युक्तिवादात ठोकून देतात. तो नियम नाही, त्या पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष आहे, आणि तथ्यांवरचा निष्कर्ष दुसऱ्या केसला बांधत नाही.

कसोटीला मर्यादाही आहे. कोर्टाने एकाच निकालासाठी दोन स्वतंत्र, प्रत्येकी पुरेशी कारणे दिली असतील, तर कुठलेही एक उलटे केले तरी दुसऱ्यावर निकाल टिकतोच. अशा वेळी दोन्ही ऑबिटर ठरवू नका. दोन्ही रेशो धरतात. भटबाबत समोरचे वकील नेमके हेच म्हणतील. म्हणून रंगप्पातला भटची चर्चा असलेला परिच्छेद पूर्ण निवाड्यातून काढून प्रत जोडा, खुणेसकट.