मेलमध्ये अचानक मॅनेजर दिसले तर

प्रिय,

तू पाठवलेला मेल दोनदा वाचला. महिन्याच्या अहवालात ऑर्डरचा कोणता आकडा द्यायचा यावर तुमचं दोघांचं जुळत नव्हतं, चार मेल झाले, आणि पाचव्यात सहकाऱ्यांनी "विषय मार्गी लागावा म्हणून" मॅनेजरना सीसीमध्ये घेतलं. उत्तर आजच जायला हवं, पण आत्ता या क्षणी नको. एक-दोन तास हातात आहेत. मॅनेजर सीसीमध्ये असताना मेल दिवसभर पडून राहिला तर तुझ्याकडे उत्तर नाही असं दिसतं. आणि पाच मिनिटांत गेलेल्या उत्तरात राग लपत नाही.

आधी तीन गोष्टी बघ. मॅनेजर सीसीत आहेत की 'टू'मध्ये? 'टू'मध्ये असतील तर त्यांच्याकडून काहीतरी अपेक्षित आहे, आणि तुझं उत्तर त्या अपेक्षेला धरून हवं. ते मुद्दाम घातलेत की चुकून? नाव टाइप करताना पहिली दोन अक्षरं लिहिली की मेल स्वतःच भलतं नाव सुचवतो, किंवा अख्ख्या टीमचा गट निवडला जातो. मुद्दाम केलेलं असेल तर बहुधा मजकुरात तसा उल्लेख असतो, तुझ्या बाबतीत आहे. तिसरी गोष्ट बघायला नको वाटते: सहकाऱ्यांच्या आधीच्या मेलला तू कधी उत्तर दिलंस? त्यांनी सोमवारी विचारलं आणि तू गुरुवारपर्यंत गप्प, असं असेल तर मॅनेजरना घेणं हा कुरघोडीचा डाव नसून वाट बघून केलेला उपाय आहे. तुझ्या धाग्यात मला तीन दिवसांची शांतता दिसते आहे.

मग फोन. लिहिण्याआधी सहकाऱ्यांना फोन कर किंवा त्यांच्या जागेवर जा. चॅट नको, तेही लिखाणच झालं. विचारायचं एवढंच: "तुमचा मेल पाहिला. उत्तर लिहायच्या आधी समजून घ्यायचंय, सरांकडून निर्णय हवाय की त्यांना फक्त माहिती असावी म्हणून?" आवाजात "का घातलंत?" हा सूर येऊ देऊ नकोस. उत्तरं बरीच साधी निघतात: मॅनेजरनीच सांगितलं होतं, अहवालाची मुदत आली आहे, ते उद्यापासून रजेवर आहेत. कधीकधी खरंच चिडून केलेलं असतं, पण तेही फोनवर दोन मिनिटांत निवळतं, कारण माणसासमोर तोच सूर टिकवणं अवघड जातं. याच फोनवर मूळ मुद्दा सुटतो का बघ. सुटला तर तुझ्या उत्तराचं काम निम्मं झालं.

आता उत्तर. मॅनेजर वरचा एखादा मेल वाचतात, खालचे चार बहुधा वाचत नाहीत. म्हणून त्यांना तीनच गोष्टी कळायला हव्यात: मतभेद नेमका कशावर आहे, आता काय ठरलं किंवा कोणता निर्णय हवा आहे, आणि ते कधीपर्यंत होईल. तुझ्या मसुद्यात यातलं काहीच नव्हतं; "मी आधीच स्पष्ट केलं होतं" मात्र दोनदा होतं. फोनवर ठरलं असं धरून मी असा लिहिला असता:

"नमस्कार,
प्रश्न एवढाच आहे: परत आलेल्या २४ ऑर्डर वजा करायच्या की नाही. वजा केल्या तर आकडा ३८८, नाही तर ४१२. मागच्या तीन अहवालांत वजा केल्या नव्हत्या, तुलना जुळावी म्हणून यावेळीही ४१२ ठेवला होता. पण ४१२ मध्ये न टिकलेली विक्रीही येते, हा मुद्दा बरोबर आहे. आमचं आत्ताच बोलणं झालं. दोन्ही आकडे शेजारी देऊन खाली एक ओळीची टीप टाकतो आहोत. सुधारित फाइल आज ५ वाजेपर्यंत येईल. यात वेगळा निर्णय आवश्यक नाही. माझं उत्तर यायला उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व."

यात दोघांच्या मतांना प्रत्येकी एक वाक्य मिळालं आहे, आणि सहकाऱ्यांचं मत त्यांना मान्य होईल अशा शब्दांत आहे. ते वाचून "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणाले तर धागा आणखी पाच मेल लांबेल. उशिराची कबुली शेवटी आणि एकाच ओळीत आहे; ती खरी आहे म्हणून ठेवली, नसती तर घातली नसती.

एकमत झालं नाही तर शेवटचा भाग बदलतो. "यात वेगळा निर्णय" ऐवजी दोन पर्याय, प्रत्येकाचा एक परिणाम, तुझी शिफारस आणि मुदत लिही: "आज ४ पर्यंत कळवलंत तर अहवाल वेळेत जाईल." "तुमचं मत काय?" असा मोकळा प्रश्न सोडलास तर मॅनेजरना अख्खा धागा खणावा लागेल, आणि तेच त्यांना नकोसं होतं.

सहकाऱ्यांच्या मेलमध्ये एखादी गोष्ट चुकीची असेल तर? तिच्यामुळे निर्णय चुकणार असेल तरच दुरुस्त कर, तीही विशेषणं न लावता: "यादी १२ तारखेला दुपारी पाठवली होती, याच धाग्यात खाली आहे." नुसतं "तीनदा सांगूनही" असलं काही असेल तर सोडून दे. तीनदा की दोनदा हे मोजायला मॅनेजर बसत नाहीत. तू मोजलंस की मात्र तुझ्याकडे लक्ष जातं.

मॅनेजरचं नाव गुपचूप काढून फक्त सहकाऱ्यांना उत्तर देऊ नकोस. पुढे कोणी तो मेल पुढे पाठवला तर लपवाछपवी वाटते, आणि मॅनेजरना मात्र अर्धाच धागा दिसतो. त्यांना पुढच्या किरकोळ मेलमधून मोकळं करायचं असेल तर शेवटचं उत्तर सगळ्यांना पाठवून त्यातच लिही: "पुढचं आम्ही दोघं बघतो, तुम्हाला यातून काढतो आहोत." आपल्या बाजूने आणखी कोणी वरिष्ठ जोडणं हेही टाळ. बीसीसीमध्ये तर कोणालाच नको. तिथल्या माणसाने 'रिप्लाय ऑल' दाबलं की तो होता हे सगळ्यांना कळतं. आणि "यासाठी सरांना सीसी करायची गरज नव्हती" हे वाक्य कितीही खरं असलं तरी मेलमध्ये येऊ नये. ते बोलायचंच असेल तर दोन दिवसांनी, समोरासमोर, "पुढच्या वेळी आधी मला फोन कराल का?" एवढ्यावर आटोप.

लिहिताना 'टू'ची जागा रिकामी ठेव, पत्ते शेवटी भर. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदत ५ ते ३० सेकंदांपर्यंत ठेवता येते, ३० ठेव. आउटलुकमधल्या 'रिकॉल'वर मात्र विसंबू नकोस, कंपनीबाहेर गेलेला मेल त्याने परत येत नाही.

पाचला फाइल गेली की त्याच धाग्यात सगळ्यांना एक ओळ टाक: "सुधारित अहवाल जोडला आहे, दोन्ही आकडे त्यात आहेत." उशीर होणार असेल तर ते पाचच्या आधी कळव. मॅनेजर नंतर तोंडी विचारतील, "काय झालं होतं?" तेव्हाही मेलमधलंच सांग, त्यात सहकाऱ्यांच्या स्वभावाची भर नको. हेच तिसऱ्यांदा घडलं तर मात्र मला लिही. तो अहवालाच्या आकड्याचा प्रश्न राहिलेला नसेल, आणि त्याचा मेल वेगळा असतो.

सस्नेह