हिंदी हाताने टाइप झालेली नेपाळी: आधी काय तपासायचं?

प्रश्न: नेपाळी हस्तलिखित हिंदीची सवय असलेल्या टायपिस्टकडून टाइप करून घेतलंय. मुद्रितशोधन करताना नेमकं काय बघू?

एक वाक्य घेऊ. अशा हातातून ते येतं असं: «भाई ले शहर मा पढ़ाई शुरू गर्यो।» हवं ते असं: «भाइले सहरमा पढाइ सुरु गर्‍यो।» जसंच्या तसं काहीच राहत नाही.

«ले», «मा», «को», «लाई» हे प्रत्यय मराठीसारखेच शब्दाला चिकटतात, त्यामुळे आपल्याला ही चूक चटकन दिसते. फक्त सगळीकडे एकदम बदल करू नका. «को» म्हणजे «कोण» असाही अर्थ आहे, आणि «ऊ को हो?» (तो कोण आहे?) याचं «ऊको हो?» होऊन बसतं. माझं एकदा झालंय.

नुक्ता नेपाळीत नाही, म्हणून सडक, पहाड, पढाइ. पण «ढ़» दोन प्रकारे टाइप होतो, एकच अक्षर म्हणून किंवा ढ आणि खाली वेगळा नुक्ता, तेव्हा दोन्ही शोधा. अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांत श चा स होतो: सहर, सुरु, सायद, खुसी. शिक्षा, शान्ति हे तत्सम शब्द मात्र तसेच ठेवा.

«गर्यो» मधला रफार सर्वांत जास्त निसटतो. तिथे आपल्या «वाऱ्या»तला अर्धा र हवा: गर्‍यो, पर्‍यो, मार्‍यो. आपण त्यासाठी बहुधा «ऱ» वापरतो, नेपाळीत र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (U+200D) लागतो. फाइल «साफ» करणारी मॅक्रो हा जोडक उडवते आणि दुरुस्त केलेलं सगळं पुन्हा बिघडतं. ती आधी चालवा, दुरुस्ती नंतर. सूर्य, कार्य यांत रफारच बरोबर आहे, म्हणून «र्य» एकेक करून बघावा लागतो.

खरा वेळ हलन्तावर घालवा. हिंदीत शेवटचा अ उच्चारतच नाहीत, म्हणून टायपिस्टला हलन्त फालतू वाटतो. नेपाळी क्रियापदात तो अ उच्चारला जातो, त्यामुळे अर्थ बदलतो. «गर» हे «तिमी» म्हणण्याजोग्या माणसाला सांगणं, «गर्» हे «तँ» म्हणण्याजोग्याला. «हुन्» म्हणजे «आहेत», तर «हुन सक्छ» म्हणजे «होऊ शकतं». दोन्ही रूपं शब्द म्हणून बरोबर असल्याने स्पेलचेकर गप्प बसतो. अनेकवचनी कर्ता दिसला की वाक्याच्या शेवटाकडे जा: छन्, गर्छन्, थिएनन्. तिथेच «हरु»चं «हरू»ही करून टाका.

इंग्रजी शब्दांत ऑ नको: डाक्टर, कलेज. बैंकचं ब्याङ्क होतं, पण «नेपाल राष्ट्र बैंक» हे संस्थेचं नाव आहे, त्याला हात लावू नका.