मंगोल डोळा, अपांग आणि वळी

प्रश्न : "एपिकँथिक फोल्डला मराठीत 'मंगोल डोळा' म्हटलं तर चालेल का? ही घडी असलेला माणूस मंगोल वंशाचा, असं धरता येतं ना? आणि या शब्दातला 'कँथस' म्हणजे काय?"

चालणार नाही, आणि धरता तर मुळीच येत नाही. 'मंगोल डोळा' ऐकून ऐकून कान किटले आहेत. हा शब्द वापरणारे निदान तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली कोंबतात, तेव्हा आधी त्या सोडवू.

आरशासमोर उभं राहून डोळ्याचा नाकाकडचा कोपरा पाहा. तिथे गुलाबी, मांसल ठिपका दिसतो. वरच्या पापणीची कातडी तिरकी खाली उतरून हा कोपरा थोडा किंवा पूर्ण झाकत असेल, तर त्या कातडीच्या पडद्याला एपिकँथिक फोल्ड म्हणतात. तो पडदा म्हणजे नुसती सैल कातडी नव्हे. तिच्या आत डोळा मिटणाऱ्या गोल स्नायूचे धागे असतात आणि तिथली कातडी उभ्या दिशेने तोकडी पडल्यामुळे ताणलेली असते. म्हणून शल्यविशारद ती सरळ कापून टाकत नाहीत. तसं केलं तर ताण तसाच राहतो आणि नाकाच्या बाजूला जाड व्रण उठतो. ते नागमोडी छेद घेऊन कातडीचे छोटे त्रिकोण आपसांत अदलाबदल करून बसवतात, म्हणजे उभी लांबी वाढते.

दुसरी गोष्ट पापणीवरची आडवी रेघ. डोळा उघडताना पापणी उचलणाऱ्या स्नायूचे तंतू कातडीला आतून धरून ओढतात, तिथे रेघ पडते. पूर्व आशियातल्या पुष्कळ लोकांमध्ये हे तंतू कातडीपर्यंत पोचत नाहीत आणि पापणीतली चरबी थोडी खाली उतरलेली असते, म्हणून रेघ उमटत नाही किंवा अगदी खाली, पापणीच्या केसांजवळ उमटते. ही 'एकेरी पापणी'. तिसरी गोष्ट डोळ्याचा कल, म्हणजे बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा किती वर आहे ते. एकेरी पापणी असून आतला कोपरा उघडा असलेले लोक असतात, ठळक रेघ असून कोपरा झाकलेले असतात, आणि डोळा तिरका असून यातलं काहीच नसलेलेही असतात. तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की लोक 'मंगोल' म्हणतात, आणि एकच दिसली तरी तेच म्हणतात.

आता कँथस, कारण खरी मौज तिथे आहे. ग्रीक 'कँथोस' म्हणजे डोळ्याचा कोपरा. 'एपि' म्हणजे वर. लॅटिनमध्ये मात्र 'कँथस' म्हणजे चाकावर चढवायची लोखंडी पट्टी, आपल्या बैलगाडीच्या चाकाची धाव! रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन तर नाक मुरडून सांगतो, की हा शब्द आफ्रिकेतून किंवा स्पेनमधून आलेला परका म्हणून ओळखला जातो. पुढे मध्ययुगीन लॅटिनमध्ये तोच शब्द भांड्याच्या काठाला, तोटीला लागला, आणि काठावरून अलगद ओतणं यासाठी क्रियापद घडलं. त्यातून इंग्रजी 'डिकँटर' आला. म्हणजे डोळ्याचा कोपरा आणि मद्याची सुरई एका गोत्राचे. व्युत्पत्तिकोशकार हात राखून सांगतात, की धाव आणि डोळ्याचा कोपरा हे मुळात दोन वेगळे शब्द असून दिसायला सारखे झाले असावेत. असतील बापडे. दोन्हीकडे अर्थ 'कडा' हाच आहे, आणि गोल वस्तूच्या कडेला नाव देताना माणसाने चाक आणि डोळा एकत्र पाहिले नसतील, हे मला पटत नाही.

या कोपऱ्यावरून माणसाची किंमत करण्याची खोडही तेवढीच जुनी. ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे, की डोळ्याचे कोपरे लांब असतील तर स्वभाव वाईट, आणि नाकाकडचा भाग मांसल असेल तर माणूस लबाड. दोन हजार वर्षांनी गोटिंगेनच्या ब्लूमेनबाख या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने मानवजातीचे पाच प्रकार पाडले आणि त्यातल्या एकाला 'मंगोलियन' नाव दिलं. मंगोल ही एका लोकसमूहाची ओळख. ती अर्ध्या आशियावर चिकटवली गेली.

मग १८६६ साली जॉन लँगडन डाउन या इंग्रज डॉक्टरने आज डाउन सिंड्रोम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलांचं वर्णन केलं आणि त्यांना 'मंगोल' कुटुंबात टाकलं. त्याचे शब्द नीट वाचावेत. तो म्हणतो, डोळे तिरके बसवलेले आहेत आणि आतले कँथस एकमेकांपासून नेहमीपेक्षा दूर आहेत. घडीचा उल्लेखच नाही! कोपरे पडद्याआड गेले की मधलं अंतर वाढल्यासारखं दिसतं. माझ्या मते डाउन घडीच पाहत होता आणि तिला अंतर म्हणत होता. गंमत पुढे आहे. युरोपीय आईबापांच्या पोटी 'मंगोल' चेहरा जन्मतो, याचा अर्थ वंशांमधल्या भिंती पक्क्या नाहीत आणि मानवजात एकच आहे, असा निष्कर्ष त्याने स्वतःच काढला होता. जगाने त्याचा निष्कर्ष सोडला आणि नाव उचललं. १९५९ साली लेज्यून या फ्रेंच संशोधकाने या मुलांमधलं एकविसाव्या क्रमांकाचं जादा गुणसूत्र दाखवलं. १९६१ साली १९ तज्ज्ञांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून जुनं नाव टाकून देण्याची मागणी केली. सह्यांमध्ये डाउनचा नातूही होता. १९६५ साली मंगोलियाच्या प्रतिनिधींनी विनंती केल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने ते वापरणं थांबवलं. मराठीत मात्र ते अजून छापलं जातं.

वंशाकडे वळू. गर्भावस्थेत ही घडी सगळ्या मानवसमूहांत दिसते. जन्मल्यावरही पुष्कळ बाळांत, मराठी बाळांतही, ती राहते, कारण नाकाचं हाड अजून चपटं असतं. नाक वर आलं की कातडी ओढली जाते आणि कोपरा उघडतो. चपट्या नाकाच्या बाळाच्या नाकावरची कातडी दोन बोटांनी हलकेच चिमटीत धरून पुढे ओढा, घडी नाहीशी होते आणि सोडल्यावर परत येते. वंश चिमटीने बदलत नसतो.

याच बाळांमुळे घराघरांत एक घोळ होतो. सहा महिन्यांचं मूल, आजी म्हणते 'तिरळं बघतंय'. घडी नाकाकडचं पांढरं झाकते, म्हणून बुबुळ नाकाकडे सरकल्यासारखं वाटतं, आणि मूल बाजूला पाहू लागलं की जास्तच. खात्री करायची तर बॅटरीचा बारीक उजेड हातभर अंतरावरून, समोरून दाखवावा आणि मूल उजेडाकडे बघत असताना दोन्ही बुबुळांवरचे चमकते ठिपके पाहावेत. दोन्ही डोळ्यांत ठिपका सारख्याच जागी असेल तर डोळे सरळ आहेत. एकात मधोमध आणि दुसऱ्यात बाहेरच्या, कानाकडच्या कडेला सरकलेला असेल तर तो डोळा खरोखर आत वळलेला आहे आणि नेत्रतज्ज्ञाकडे जायलाच हवं. फोटोवरून ठरवू नये. मान जराशी वळली तरी ठिपके फसवतात. आणि घडी असलेल्या मुलाला खरा तिरळेपणाही असू शकतो, म्हणून 'नाक वाढलं की जाईल' म्हणून वर्षभर थांबू नये.

मोठेपणी घडी राहणारे कोण? चीन, कोरिया, जपान, सैबेरिया, आर्क्टिकमधले इन्युइट हे सगळ्यांना ठाऊक. पण आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातल्या सान लोकांत ती आहे, मादागास्करमध्ये आहे, उत्तर युरोपात तुरळक का होईना आहे. उलट पूर्व आशियातल्याही सगळ्या प्रौढांना ती नसते, आणि असते तेव्हा कुणाचा कोपऱ्यातला गुलाबी ठिपका जेमतेम झाकलेला तर कुणाचा पूर्ण; 'आहे' आणि 'नाही' यांच्यातली रेघ मोजणाऱ्याने स्वतःच ओढलेली असते. थंडी आणि बर्फाची तिरीप यांपासून बचावासाठी ती आली, हा सिद्धांत १९५० साली कून, गार्न आणि बर्डसेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी मांडला. तो अजून शाळकरी ज्ञान म्हणून फिरतो. कलाहारीत आणि मादागास्करमध्ये कुठलं बर्फ, हे त्यांच्या शिष्यांनी सांगावं.

ईशान्य भारतच घ्या. खासी भाषा ऑस्ट्रोआशियाई, मिझो तिबेटो-बर्मी, खामती ताई कुळातली, असमिया तर मराठीच्याच इंडो-आर्य कुळातली. या चारही भाषा बोलणाऱ्यांत घडी असलेले आणि नसलेले लोक सापडतात, आणि मंगोल भाषा या चारांपैकी कुठल्याच कुळात नाही. पुण्यामुंबईत या सगळ्यांना सरसकट 'चिंकी' म्हणणाऱ्यांचा प्रश्न शरीररचनेचा नसून तोंडाचा आहे.

घडीचा एक प्रकार तर खालच्या पापणीतून निघून वर चढतो. तो सहसा एका जनुकातल्या बिघाडाने होणाऱ्या विकारात दिसतो. त्यात पापण्या पडलेल्या आणि डोळ्यांच्या फटी आखूड असतात. हा विकार कुठल्याही देशात, कुठल्याही घरात होतो. त्या रुग्णाला कुठल्या वंशात बसवणार?

राहिला मराठी शब्द. संस्कृताळलेले लोक 'अपांग' जोडायला धावतात. अपांग हा कानाकडचा कोपरा, कटाक्ष टाकायचा! सुश्रुताने डोळ्याचे सहा संधी सांगितले, त्यात नाकाकडच्याला 'कनीनक' म्हटलं आणि बाहेरच्याला 'अपांग'. पण कनीनकही आज वापरता येत नाही, कारण त्याची बहीण कनीनिका म्हणजे डोळ्यातली बाहुली. लहान मुलगी, बाहुली, डोळ्याच्या काळ्या भिंगात दिसणारं आपलंच इवलं रूप. लॅटिन 'प्युपिला'चीही कथा हीच. तेव्हा 'कनीनक-घडी' वाचून निम्मे लोक बाहुलीत घडी शोधतील.

'घडी'ही मला खटकते. घडी कपड्याची, कागदाची, आणि ती आपण घालतो. जन्मजात कातडीच्या दुमडीला मराठीत वळी म्हणतात, बाळाच्या मांडीवरची असते तीच. वर इतका वेळ 'घडी' लिहिलं ते प्रश्नकर्त्याच्या सोयीसाठी. 'डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरची वळी' असं लिहा; लांब वाटलं तर 'नेत्रकोन-वळी'. अनेकवचन वळ्या, आणि माणसाला दोन डोळे असल्याने तेच जास्त लागेल.