कागद हातात आला की आवाज सपाट होतो

"गप्पा मारताना माझा आवाज चांगला वर-खाली होतो. पण हातात कागद आला की सगळं एका सुरात. समोरचे पेंगायला लागतात. माझा आवाजच सपाट आहे का?"

हे विचारणाऱ्या बाई मुख्याध्यापिका होत्या आणि शाळेचा अहवाल त्यांनाच वाचावा लागे. मी त्यांना एक परिच्छेद वाचायला लावला, मग कागद पालथा ठेवून तेच मला सांगायला लावलं. दोन्ही फोनवर रेकॉर्ड केलं. सांगताना आवाज छान चढत-उतरत होता, म्हणजे गळ्यात दोष नव्हता. (आवाज काही आठवडे बसलेलाच असता, तर मी आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं असतं.)

वाचताना त्यांची हनुवटी छातीकडे झुकायची, श्वास अपुरा पडायचा आणि डोळे एकेक शब्द उचलायचे. वाक्य कुठे जाणार हे ठाऊक नसलं की सगळ्या शब्दांना सारखंच वजन मिळतं. मराठीत तर क्रियापद आणि ‘नाही’ शेवटी येतात, आणि श्वास नेमका तिथेच संपतो.

आम्ही एकच वाक्य घेतलं: ‘गेल्या वर्षी ४० मुलांनी शाळा सोडली, यंदा एकाही मुलानं सोडली नाही.’ ते कागदावर दोन ओळींत मोठ्या अक्षरांत लिहिलं. एक ओळ नजरेत घ्यायची, मान वर करायची, श्वास घ्यायचा आणि मगच बोलायचं. पहिली ओळ साध्या, थोड्या खालच्या सुरात. मग थांबायचं. दुसऱ्या ओळीत ‘एकाही’वर सूर वर न्यायचा आणि ‘नाही’वर खाली आणायचा, पण आवाज बारीक होऊ द्यायचा नाही.

बाई आधी ‘एकाही’वर ओरडल्याच. बहुतेकांचं असंच होतं, कारण सूर वर गेला की आवाजही आपोआप मोठा होतो. ही गाठ सोडवायला मी त्यांना तोच शब्द आधी उंच सुरात पण हळू आवाजात म्हणायला सांगितला, मग खालच्या सुरात पण खणखणीत. सात-आठ वेळा म्हटल्यावर दोन्ही वेगवेगळे जमायला लागले. मला स्वतःला त्यांचा हळू म्हटलेला ‘एकाही’ जास्त भिडला, कारण तो ऐकायला मी पुढे झुकले होते.

आठवड्यानं त्या पूर्ण अहवाल घेऊन आल्या, तर प्रत्येक ओळीत तीन-चार शब्द अधोरेखित! वाचन आता झोपाळ्यासारखं हेलकावे घेत होतं. दर वाक्याला ठराविक हेल, म्हणजे पुन्हा एकसुरीपणच. आम्ही रबर घेतलं. वाक्यात एकच खूण ठेवली, तीही जिथे ऐकणाऱ्याला नवं काही कळतं तिथे. नेहमीच्या आभाराच्या ओळींत एकही नाही. त्या ओळी सपाट गेल्या तरी चालतात. त्यांच्यामुळेच पुढचा चढलेला सूर कानात भरतो.